रात्रीचं फॉर्म्युला दूध: पाणी किती गरम, आणि बनवून ठेवावं का?

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं आहे. रात्री दोनदा उठावं लागतं. झोपताना बाटल्या बनवून ठेवल्या तर चालेल का?

उत्तर: खोलीत ठेवू नका. पावडर निर्जंतुक नसते. कोमट दुधात तिच्यातले जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पाणी किमान 70 अंश गरम हवं.

झोपताना उकळतं पाणी स्वच्छ थर्मासमध्ये काठोकाठ भरा. तो पहाटे 3 पर्यंत 70 च्या वर राहतो का, हे एकदा थर्मामीटरने बघाच; सगळे राहत नाहीत. प्रत्येक वेळची पावडर छोट्या कोरड्या डबीत आधीच मोजून ठेवा, कारण अर्धवट झोपेत चमचे हमखास चुकतात. डब्यावर 30 मिलीला एक चमचा असेल, तर 90 मिलीला तीन सपाट चमचे. बाटलीत आधी पाणी मोजून घ्या, मग डबी रिकामी करा. झाकण लावून हलवा, नळाखाली बाटली फिरवून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा.

उरलेलं दूध तासाभरात ओतून द्या, पुढच्या वेळेसाठी अजिबात ठेवू नका. बनवून ठेवायचंच असेल, तर लगेच थंड करून फ्रिजमध्ये आत, दारात नको, जास्तीत जास्त 24 तास. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना तयार द्रवरूप दुधाबद्दल विचारा.