बाबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ आणि अडलेल्या ओळी

"बाबांच्या पंचाहत्तरीला फोटोंचा व्हिडिओ करतेय, दादा म्हणतो प्रत्येक फोटोखाली छान काहीतरी लिही. 'माझा हिरो' टाइप केलं आणि रडूच आलं, कारण ते घरी फारसे नसायचेच. खोटं लिहवत नाही आणि खरं लिहिलं तर कार्यक्रमाचा विचका होईल. काय करू?"

या ताईंचे बाबा एसटीत कंडक्टर होते (त्यांना विचारून लिहितेय, तपशील थोडे बदललेत). मी त्यांना म्हटलं, बाबा कसे होते हे लिहायचंच नाही, फोटोत काय चाललंय आणि फोटोत न दिसणारं काय तुम्हाला माहितीये तेवढंच लिहा. मग गॅदरिंगचा फोटो निघाला, बाबा खाकी ड्रेसमध्येच मागे उभे, आणि ताईंना आठवलं की ते मुक्कामी गाडीवरून उतरून घरी न जाता तसेच शाळेत आले होते. ओळ झाली, "मुक्कामी गाडीवरून थेट गॅदरिंगला". यात कौतुक नाही की खोटं नाही, आणि ही ओळ त्यांच्याशिवाय कुणालाच लिहिता आली नसती.

अडलं ते दिवाळीच्या फोटोवर, सगळे आहेत आणि बाबा नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, "नेहमीसारखेच बाबा नाहीत". मी विचारलं, सगळे नातेवाईक बसलेत आणि बाबांनी हे वाचलं तर ते मान वर ठेवू शकतील का? बराच वेळ गप्प बसल्या, मग ते बदलून "बाबा ड्युटीवर, फोटो मामाने काढला" केलं. गोष्ट तीच, फक्त बोट दाखवणं गेलं. पण ती सल खरीच आहे हो, ती दाबायची नाही, म्हणून पहिली ओळ आम्ही वहीत ठेवली, त्यावर पुढच्या सेशन्समध्ये बोलायला. चारचौघात, माईक चालू असताना बाबांना उत्तरच देता येत नाही, म्हणून तो हिशोब तिथे नको.

आई गेलेली आहे. तिच्या फोटोवर "आज तू हवी होतीस" असं लिहायचं होतं. मला ते नको वाटलं, कारण ते वाचून बाबा सगळ्यांसमोर एकटे पडतील. "पापड लाटताना आई, फोटो बाबांनी काढलाय" यात दोघंही आले. हा फोटो शेवटी न ठेवता मध्ये घ्या म्हटलं, पुढे नातवंडांचे फोटो येतात तेवढ्यात माणूस सावरतो, आणि बाबांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की आईचे फोटो आहेत.

बाकी, फोटो पाच सेकंद दिसणार असेल तर सहा-सात शब्द पुरे, पंचाहत्तरीतले डोळे त्याहून जास्त वाचत नाहीत, वाचत बसले तर फोटो बघायचा राहतो. अक्षरं मोठी आणि खाली काळी पट्टी, कारण जुन्या फिक्या फोटोंवर पांढरी अक्षरं दिसतच नाहीत. आणि ज्या फोटोबद्दल काहीच आठवत नाही तिथे साल-गाव टाका, तेही माहीत नसेल तर कोरा सोडा, बाबा स्वतःच मोठ्याने सांगतील तो कुठला ते.