चेक बाउन्स झाला, आता जेल होईल का?

म्हापशाला दुकानाच्या भाड्याचा ४० हजारांचा चेक दिलेला, खात्यात पैसे कमी होते म्हणून बाउन्स झाला. चार्ज किती आणि जेल होईल का?

लगेच जेल नाही, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण ४० हजार दिलेत तर केसच उभी राहत नाही. मी फोंड्याला वकिलाकडे क्लार्क आहे, ह्याच नोटिसा रोज टाईप करतो. बँक रिटर्न मेमो देते त्यात कारण असतं, तुमच्यात बॅलन्स कमी, पण सही जुळली नाही किंवा पेमेंट स्टॉप केलं तरी केस होऊ शकते. चार्ज दोन्हीकडच्या बँका कापतात, साधारण काहीशे रुपये प्लस जीएसटी.

समजा मालकाला मेमो ३ जूनला मिळाला, तर त्याने ३० दिवसांत नोटीस पाठवायला हवी. ती तुम्हाला १० जुलैला मिळाली की २५ पर्यंत पैसे भरा, अर्धे देऊन चालत नाही. नाहीतर पुढच्या महिनाभरात तो कलम १३८ खाली कोर्टात जातो, तिथे २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट म्हणजे ८० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फक्त एक, भाडं खरंच देणं असेल तरच हे लागू, देणगीच्या चेकला नाही. आणि नोटीस घ्यायची टाळू नका, बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने आलेली नाकारली तरी ती मिळाली असंच कोर्ट धरतं.