इंजिनिअरिंग मॅनेजरला थेट मेल करताना प्रोजेक्टबद्दल काय लिहावं?

प्रश्न: मी फोंड्याचा, पणजीतल्या एका एजन्सीत बॅकएंड डेव्हलपर आहे. पर्वरीत भाड्याच्या स्कूटर-गाड्यांचं सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी आहे, तिथल्या इंजिनिअरिंग मॅनेजरना थेट मेल करायचा आहे. मी पायथन, जँगो, पोस्टग्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड, मोंगो, डॉकर, कुबरनेटीस, एडब्ल्यूएस असा स्टॅक लिहिलाय. खाली एक ओळ: 'कळंगुटच्या हॉटेलसाठी बुकिंग सिस्टीम बनवली, डबल बुकिंग पोस्टग्रेसच्या एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटने बंद केलं.' शेवटी 'तुमच्या टीममध्ये काम करायला आवडेल.' उत्तर यावं म्हणून काय बदलू?

उत्तर: तुमच्या मेलमध्ये मला थांबवणारी ओळ एकच आहे, ती डबल बुकिंगची. बाकीचा मेल तिच्याभोवती पुन्हा बांधा. मी स्वतः एका टीमची भरती बघतो. नऊ तंत्रज्ञानांची नावं वाचून मला एवढंच कळतं की तुम्ही नऊ नावं ऐकली आहेत. पण 'एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट' लिहिणारा माणूस एका खऱ्या अडचणीपाशी बसलेला असतो, हे लगेच कळतं.

ती अडचण मेलमध्ये नीट उलगडा. बहुतेक बुकिंग सिस्टीम आधी खोली रिकामी आहे का ते विचारतात आणि मग नोंद घालतात. डिसेंबरच्या गर्दीत दोन जण एकाच वेळी शेवटची खोली घेतात. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर दोन्ही ट्रान्झॅक्शनना खोली रिकामीच दिसते आणि दोन्ही नोंदी टेबलात जातात. इथे `SELECT ... FOR UPDATE` बुकिंगच्या टेबलावर लावूनही भागत नाही, कारण जी नोंद अजून झालेलीच नाही तिला कुलूप लावणार कुठे? (खोलीच्या ओळीला लावता येतं, पण मग प्रत्येक ठिकाणच्या कोडने ते आठवणीने लावायला हवं.) एका खोलीच्या दोन बुकिंगच्या तारखा भिडू नयेत, हा नियम तुम्ही डेटाबेसकडेच सोपवला. तुमचा कन्स्ट्रेंट साधारण असा असणार:

```sql
CREATE EXTENSION btree_gist;

ALTER TABLE bookings ADD CONSTRAINT no_overlap
EXCLUDE USING gist (
  room_id WITH =,
  daterange(check_in, check_out) WITH &&
) WHERE (status <> 'cancelled');
```

हा कोड मेलमध्ये टाकू नका, पण तुमच्या निर्णयाचं कारण दोन वाक्यांत आलंच पाहिजे. `daterange` शेवटची तारीख धरत नाही, म्हणून सकाळी एक पाहुणा खोली सोडतो आणि दुपारी दुसरा येतो, ते चालतं. रद्द झालेलं बुकिंग आड येत नाही. आणि तारखा भिडल्या तर पोस्टग्रेस `23P01` ही एरर देतं, ती पकडून तुम्ही पाहुण्याला दुसरी खोली दाखवता. एवढं वाचलं की समोरच्याला दिसतं, की तुम्ही हे कुठून तरी उचलून चिकटवलेलं नाही.

आता परिणाम. 'कामगिरी ४० टक्क्यांनी सुधारली' असली वाक्यं मी वाचतो आणि पुढे जातो, कारण कशाचे ४० टक्के, कधी मोजले, हे कुठेच नसतं. तुमच्याकडे मोजायचं साधन आयतं आहे: सर्व्हरच्या लॉगमध्ये हा कन्स्ट्रेंट मोडल्याची एरर किती वेळा आली ते त्याच्या नावाने शोधून बघा. फक्त एक काळजी घ्या. नेट हळू असलं की पाहुणा 'बुक करा' बटण दोनदा दाबतो, आणि दुसऱ्या वेळी त्याचंच बुकिंग त्याला अडवतं. त्या नोंदी वगळा. उरतील ती खरी टळलेली डबल बुकिंगं. आकडा लहान आला तरी तोच लिहा. रिसेप्शनवर रात्री सामान घेऊन उभ्या राहिलेल्या कुटुंबाला खोली नाही म्हणून सांगावं लागणं म्हणजे काय, हे गोव्यात प्रॉडक्ट करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

मर्यादाही लिहा, एका वाक्यात. कन्स्ट्रेंट फक्त तुमच्या टेबलाची राखण करतो. बाहेरच्या पोर्टलवरचं बुकिंग आयकॅल फीडमधून काही वेळाने येतं, तोवर ती खोली तुमच्याकडे विकली गेलेली असू शकते. तिथे तुम्ही काय केलंत? रिसेप्शनला सूचना पाठवलीत का, की पोर्टलसाठी खोल्या राखून ठेवल्यात? जे केलं ते सांगा. मला सगळ्यात जास्त विश्वास या वाक्याने वाटतो.

स्टॅक यानंतर आपोआप लहान होतो. पायथन, जँगो आणि पोस्टग्रेस रोजच्या वापरातलं म्हणून लिहा. डॉकर तुम्ही स्वतः डिप्लॉय करत असाल तर तेही. रिअ‍ॅक्टमध्ये दुसऱ्याच्या स्क्रीन दुरुस्त केल्या असतील तर तसंच म्हणा. कुबरनेटीस कोर्सपुरतं असेल तर काढून टाका, कारण मुलाखतीत नेमका त्यावरच प्रश्न येतो.

टीमबद्दलचा रस दाखवायला तुमच्याइतकी सोपी जागा क्वचित कुणाला मिळते. खोली रात्रीवर जाते, स्कूटर तासांवर. म्हणजे `daterange`च्या जागी `tsrange` येईल आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होईल: स्कूटर उशिरा परत आली तर पुढच्या बुकिंगचं काय? हाच प्रश्न विचारा. पूर्ण मेल मी असा लिहीन:

> विषय: बॅकएंड डेव्हलपर (जँगो, पोस्टग्रेस), बुकिंग सिस्टीमचा अनुभव
>
> नमस्कार,
> मी पणजीत बॅकएंड डेव्हलपर आहे. रोजचं काम पायथन, जँगो आणि पोस्टग्रेसमध्ये, डिप्लॉयमेंट डॉकरवर. रिअ‍ॅक्टमध्ये गरजेपुरत्या दुरुस्त्या करतो.
>
> कळंगुटच्या एका हॉटेलची बुकिंग सिस्टीम मी बनवली. एकाच वेळी आलेल्या दोन मागण्या एकाच खोलीवर जात होत्या. तपासणी कोडमधून काढून पोस्टग्रेसच्या एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटवर नेली, म्हणजे कोणत्याही मार्गाने नोंद आली तरी नियम तोच राहतो. गेल्या सीझनमध्ये त्याने (इथे लॉगमधला आकडा) डबल बुकिंगं अडवली. पोर्टलवरून उशिरा येणारी बुकिंगं यात अडत नाहीत, त्यांची सूचना रिसेप्शनला जाते.
>
> तुमच्याकडे गाड्या तासांवर जातात. उशिरा परत येणाऱ्या गाडीचा पुढच्या बुकिंगवर होणारा परिणाम तुम्ही डेटाबेसमध्ये हाताळता की त्याच्या वरच्या थरात? याच प्रकारच्या प्रश्नांवर मला काम करायचं आहे. टीममध्ये जागा असेल तर वीस मिनिटं बोलता येईल का? रेझ्युमे जोडला आहे.

मेल इंग्रजीत जाणार असला तरी रचना हीच ठेवा. सुरुवातीला त्यांचं पहिलं नाव घातलं तरी चालतं, आपल्या क्षेत्रात कुणी वावगं मानत नाही. हॉटेलचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय नको, आणि एजन्सीचा कोड तर मुळीच नको. त्याऐवजी घरी एक छोटी रेपो करा: एक टेबल, हा कन्स्ट्रेंट आणि दोन कनेक्शनवरून एकदम नोंद घालणारी एक टेस्ट. तिची लिंक मेलमध्ये द्या.

बोलावणं आलं तर एका प्रश्नाची तयारी करून जा, मी तो नक्की विचारला असता: पैसे भरायला दहा मिनिटं राखून ठेवलेली खोली, मुदत संपल्यावर मोकळी कोण करतं? कन्स्ट्रेंटच्या `WHERE`मध्ये `now()` चालत नाही, तिथे ज्याचं उत्तर वेळेनुसार बदलतं असं फंक्शन घेत नाहीत. म्हणजे मुदत संपलेल्या नोंदींची `status` बदलणारं वेगळं काम दर मिनिटाला चालवावं लागतं, किंवा नवी नोंद घालण्याआधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या नोंदी साफ कराव्या लागतात. तुमच्या हॉटेलच्या सिस्टीममध्ये यातलं काय आहे, ते मेल पाठवण्याआधीच उघडून बघा.