एसआयपीची सरासरी खरेदी किंमत आणि एनएव्हीची सरासरी

प्रश्न: दरमहा ६,००० रुपयांच्या एसआयपीचे चार हप्ते ६०, ५०, ४० आणि ३० रुपये एनएव्हीला गेले. त्यांची सरासरी ४५ येते, पण स्टेटमेंटमध्ये सरासरी खरेदी किंमत ४२.११ दिसते. चूक कुणाची? २.८९ रुपयांचा फरक हा माझा नफा समजायचा का?

उत्तर: चूक कुणाचीच नाही. साध्या सरासरीत चारही भावांना सारखे वजन मिळते. प्रत्यक्षात तुम्हाला ६० च्या भावाने १००, ५० ने १२०, ४० ने १५० आणि ३० ने २०० युनिट मिळाले, म्हणजे २४,००० रुपयांत ५७०, आणि भागाकार ४२.११. स्वस्तातले युनिट संख्येने जास्त असल्यामुळे सरासरी त्यांच्याकडे झुकते. हप्ता समान आणि एनएव्ही बदलती असेल, तर असे नेहमीच घडते. त्यात फंड व्यवस्थापकाचे कौशल्य शोधू नये.

४५ हा आकडा कुणाला लागू पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. दरमहा ठरावीक रकमेऐवजी ठरावीक १५० युनिट घेणाऱ्याने ६०० युनिटांसाठी २७,००० रुपये मोजले असते, म्हणजे युनिटमागे ४५. तुमची २.८९ रुपयांची बचत केवळ या खरेदीदाराच्या तुलनेत आहे, आणि असा खरेदीदार सहसा भेटत नाही.

नफा मात्र आजच्या एनएव्हीवरच ठरतो. ती ३० असेल, तर तुमच्या युनिटांचे मूल्य १७,१०० रुपये, म्हणजे ६,९०० चा तोटा आहे. हेच भाव उलट क्रमाने, ३० वरून ६० पर्यंत गेले असते, तरी ४२.११ आणि ४५ हे दोन्ही आकडे तसेच राहिले असते, पण मूल्य ३४,२०० झाले असते. एकरकमी गुंतवणुकीशी तुलना केली, तर पडत्या बाजारात एसआयपीने तुम्हाला सावरले, कारण ६० च्या भावाने एकदम घातलेल्या २४,००० चे आज १२,००० उरले असते. चढत्या क्रमात मात्र ३० ला एकदम घातलेल्या रकमेचे ४८,००० झाले असते.

शिवाय इतका मोठा फरक तुमच्या उदाहरणात दिसतो तो एनएव्ही निम्मी झाल्यामुळे. ९५ आणि १०५ अशा दोन हप्त्यांत साधी सरासरी १०० आणि खरेदी किंमत ९९.७५, म्हणजे फरक अवघा २५ पैशांचा.

पडताळा एक्सेलमध्ये घेता येतो. एनएव्ही B2 ते B5 मध्ये लिहून

```
=HARMEAN(B2:B5)
```

दिल्यास ४२.११ मिळते. हे सूत्र फक्त समान हप्त्यांना चालते. माझा एक हप्ता बँक खात्यात शिल्लक नसल्यामुळे चुकला होता, आणि मी त्या महिन्याची एनएव्हीही सूत्रात धरून स्टेटमेंटलाच दोष देत बसलो होतो. हप्ता चुकला किंवा वाढवला असेल, तर एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागावे. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते. ६,००० वर ते ३० पैसे होते, म्हणून ६० च्या भावाने १०० ऐवजी ९९.९९५ युनिट जमा झालेले दिसतील.