एमआरआयमध्ये दोन गाद्या सरकलेल्या, मग दबलेली नस नेमकी कोणती हे टाचणीने कसं कळतं?

प्रश्न: एमआरआयमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ अशा दोन ठिकाणी गादी सरकलेली आलीय. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, पायाला टाचणी टोचली, अंगठा वर ओढायला लावला आणि म्हणाले एल५ ची नस. एवढ्यावरून कसं कळतं? आणि गादी एल४-एल५ ची तर नस एल४ ची का नाही?

उत्तर: फिजिओथेरपीत एकोणीस वर्षं झाली, रोज हेच करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तिथेच सगळे अडकतात. एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्या खालचं त्रिकास्थी, आणि आकडा वरून कितवा ते सांगतो. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसत्या नसांची मुळं घोड्याच्या शेपटीसारखी लोंबत खाली जातात आणि प्रत्येक मूळ आपापल्या नंबरच्या मणक्याखालून बाहेर पडतं. एल४ चं मूळ चौथ्या मणक्याला अगदी चिकटून, वरच्या बाजूनेच बाहेर निघतं, म्हणजे गादी जिथे फुगते तिथे यायच्या आधीच ते निसटलेलं असतं. त्या गादीच्या मागून खाली चाललेलं असतं ते एल५, म्हणून दाबलं जातं तेच. गादी अगदी कडेला, नस बाहेर पडते त्या भोकातच सरकली तर मात्र एल४ सापडू शकतं, पण ते कमी वेळा होतं.

आता टाचणीचं. प्रत्येक मूळ कातडीच्या एका पट्ट्याची संवेदना आणतं, तो डर्मॅटोम, आणि काही ठरावीक स्नायूंना हुकूम पोचवतं, तो मायोटोम. नागीण बघितली असेल तर डर्मॅटोम तुम्ही बघितलेलाच आहे, छातीवर एकाच बाजूला पट्टा उठतो आणि मध्यरेषेवर येऊन थांबतो, कारण विषाणू एकाच बाजूच्या एका मुळाच्या गाठीत बसलेला असतो. (नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो ही भीती अजून घरोघरी आहे, पण ती खरी नाही. विळखा सहसा पुरा होत नाही तो या रचनेमुळे.) १९०० साली हेड आणि कॅम्पबेल या दोघांनी नागिणीच्या पेशंटांवरूनच असे पट्टे रेखाटले होते.

पायात लक्षात ठेवायच्या जागा तीनच. आतल्या घोट्यापाशी एल४, पावलाच्या वरच्या बाजूला मधल्या बोटाच्या मुळाशी एल५, टाचेच्या बाहेरच्या कडेला एस१. पण शेजारशेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक मूळ दबलं म्हणून अख्खा पट्टा बधिर होत नाही, पुस्तकातला रंगीत नकाशा जेवढा मोठा दाखवतो त्यापेक्षा खूप लहान तुकडा सापडतो. कापसाच्या स्पर्शापेक्षा टाचणीला हा तुकडा जास्त स्पष्ट लागतो, म्हणून टाचणी. आणि कळ कुठून कुठे जाते यावर तर मी फारसा विसंबतच नाही, कारण बऱ्याच जणांची कळ नकाशाप्रमाणे धावतच नाही.

म्हणून कातडीनंतर लगेच ताकद. घोटा वर ओढणं मुख्यतः एल४ (थोडं एल५ पण), पायाचा अंगठा वर ओढणं एल५, चवड्यावर उभं राहणं एस१. इथे नवशिके एक चूक हमखास करतात, एस१ हाताने तपासतात. पोटरी इतकी दणकट असते की निम्मी ताकद गेली तरी माझ्या हाताला ती पुरून उरते. एका पायावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला लावायची, दुखऱ्या पायावर तीन-चारलाच टाच टेकली की एस१ समजलं. अंगठ्याचं उलट, तो छोटा स्नायू, माझ्या दोन बोटांनी दाबूनसुद्धा फरक कळतो. मग हातोडी. गुडघ्याचा झटका एल३-एल४ चा, टाचेचा एस१ चा, आणि एल५ चा असा रोजच्या भरवशाचा झटकाच नाही. म्हणजे अंगठा कमजोर, पावलाची वरची बाजू बधिर आणि दोन्ही झटके शाबूत, हे चित्र दिसलं की बोट एल५ वरच जातं. तुमच्या डॉक्टरांनी बहुतेक हेच बघितलं.

रिपोर्ट बाजूला का ठेवला? तर काहीही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी गाद्या फुगलेल्या दिसतात. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के बिनदुखण्याच्या लोकांत तसं आढळलं होतं. फोटो फुगवटा दाखवतो, त्रास त्यातल्या कुठल्या फुगवट्याचा हे पायच सांगतो.

आणि उलटंही होतं, ते सांगतो. एक फरशी बसवणारा माणूस आला, चाळिशीचा. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायची, अंगठा वर होईना, पावलाच्या वर बधिर. एमआरआयमध्ये एल४-एल५ ची गादी फुगलेली, त्यामुळे आधी एका ठिकाणी ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलेली. कंबर मात्र अजिबात दुखत नव्हती, तिथेच मला शंका आली. मग मी दोन गोष्टी बघितल्या. त्याला कुशीवर झोपवून पाय वर उचलायला लावला, खुब्याचा स्नायू एकदम भक्कम. नंतर लोंबणारं पाऊल माझ्या हाताने काटकोनात धरून (हे धरलं नाही तर ताकद खोटीच कमी वाटते) ते आतल्या बाजूला वळवायला लावलं, तेही भक्कम. हे दोन्ही स्नायू एल५ चेच, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या नसा वेगळ्या. मूळच दबलं असतं तर हेही ढिले पडले असते. म्हणजे बिघाड मुळात नाही, पुढे फांदीत आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली जी हाडाची गाठ लागते तिथून ती नस कातडीच्या अगदी खालून वळते, तिथे टिचकी मारली तर पावलापर्यंत झिणझिण्या. दिवसातले सहा-सात तास उकिडवं बसून काम, नस तिथेच चेपली जात होती. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्येही अडथळा त्याच जागी आला. बसायला बुटकं स्टूल, पावलाला स्प्लिंट आणि व्यायाम, साधारण तीन महिन्यांत अंगठा वर यायला लागला. कमरेला हात लावावा लागला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा, की खुब्याची ताकद आणि पाऊल आत वळवायची ताकद बघितली का. तीही कमी असेल तर एल५ चं मूळच दबलंय हे बऱ्यापैकी पक्कं.

एक गोष्ट मात्र घरी लक्षात ठेवा. सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग, म्हणजे गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आत, बधिर वाटायला लागला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा दोन्ही पाय एकदम ढिले पडायला लागले, तर एस२ ते एस४ ची मुळं दबतायत असं समजायचं आणि सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.