वरणाचे पाणी, अंडे आणि सहा महिन्यांचे बाळ

ताई, माझ्या मुलीला नुकतेच सहा महिने पूर्ण झाले. सासूबाई नाचणीचे सत्त्व आणि वरणाचे पाणी द्यायला सांगतात. तिच्या गालांवर थोडा एक्झिमा आहे, म्हणून अंडे आणि शेंगदाणे वर्षभर देऊ नयेत, असेही त्यांचे म्हणणे आहे. मी काय करू?
– एक आई, सातारा

सासूबाईंची नाचणी अवश्य ठेवा, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. मात्र लोहासाठी केवळ तिच्यावर विसंबू नका. जन्माच्या वेळी बाळाने साठवलेले लोह याच सुमारास संपत येते आणि आईच्या दुधातून ते फार थोडे मिळते. वरणाच्या पाण्याने तर बाळाचे इवलेसे पोट भरते आणि ज्यात लोह असते ती डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते.

त्याऐवजी दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मसुराची डाळ भिजवून, टोमॅटोच्या एका फोडीसह मऊ शिजवा, चमच्यावरून पटकन ओघळणार नाही इतपत दाट घोटा आणि कोमट झाल्यावर लिंबाचे दोन-तीन थेंब पिळा. डाळीतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, पण त्याच घासात क जीवनसत्त्व असले की शोषण वाढते. लिंबू शिजवू नका, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होते. तुम्ही मांसाहारी असाल, तर बारीक वाटलेले चिकन अधिक उपयोगी, कारण त्यातले लोह सहज शोषले जाते. मीठ, साखर आणि मध वर्षभर नकोत.

अंडे आणि शेंगदाणे लांबवल्याने ॲलर्जी टळत नाही, उलट उशीर केल्याने तिची शक्यता वाढू शकते. मात्र एक्झिमा तीव्र असेल किंवा पूर्वी एखाद्या पदार्थाने त्रास झाला असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. एरवी बाळ ठणठणीत असताना, सकाळी, पूर्ण उकडलेले अंडे पांढऱ्यासकट कुस्करून पाव चमचा द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. काही झाले नाही, तर प्रमाण हळूहळू वाढवा आणि पुढे आठवड्यातून दोनदा देत राहा, कारण एकदा सुरू करून सोडून देणे बरे नव्हे. तीन दिवसांनी भाजून, साले काढून केलेले शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट याच पद्धतीने खिचडीत घोटून सुरू करा. अख्खा दाणा घशात अडकू शकतो, तो मुळीच देऊ नका.

टोमॅटो-लिंबाने केवळ तोंडाभोवती लाली आली, तर बहुधा ती आंबटपणाची जळजळ असते. मात्र अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या, तर तो पदार्थ थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास झाला किंवा बाळ मलूल पडले, तर तत्काळ १०८ ला फोन करा.

‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध देतात, त्याविषयी आशाताईंना विचारा. त्याने शी काळसर होते, तेवढ्यावरून औषध बंद करू नका.