पीएस५ कुरिअरने पाठवताना: दोन खोकी आणि मधला फोम

प्रश्न: माझ्या पीएस५चा (डिस्कवाला, पहिला जाड मॉडेल) एचडीएमआय पोर्ट गेलाय. ग्वाल्हेरहून इंदूरला दुरुस्तीला पाठवायचाय, पण मूळ खोकं फेकून दिलं. कुरिअरवाले आपटतात म्हणे. पॅक कसा करू?

उत्तर: इंदूरला जेल रोडच्या बाजूला माझं दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे बाहेरगावचे कन्सोल उघडण्याचं काम माझ्याच टेबलावर होतं. फुटून आलेले बहुतेक कन्सोल मला एकाच कारणाने फुटलेले दिसतात: खोक्याच्या आत वस्तू सैल असते. खोकं पडतं, पुठ्ठ्याला काही होत नाही, पण आतला साडेचार किलोचा कन्सोल दोन इंच सरकून पुठ्ठ्यावर आदळतो. तेव्हा सगळी मेहनत तो हलू नये, आणि हादरा त्याच्या आधी फोमने खावा, यासाठी करायची.

आधी कन्सोल नीट बंद करा. तुमचा पोर्ट गेलाय म्हणजे पडद्यावर काही दिसणार नाही. पॉवरचं बटण नुसतं एकदा दाबलं तर तो रेस्ट मोडमध्ये जातो आणि दिवा नारिंगी राहतो. बटण दाबून धरा, दोनदा बीप वाजला की सोडा, दिवा पूर्ण विझू द्या आणि मगच वायर काढा. डिस्क आत असेल तर त्याआधीच बाहेर काढून घरी ठेवा. प्रवासात ती आत सुटली तर डिस्कही जाते आणि ड्राइव्हही. वाढीव एम.२ कार्ड बसवलं असेल तर तेही काढून ठेवा. एचडीएमआयच्या कामाला आम्हाला फक्त कन्सोल लागतो. कंट्रोलर पाठवू नका, त्यात लिथियमची बॅटरी असते आणि विमानाने जाणाऱ्या पार्सलला त्यावरून अडवतात. स्टँड स्क्रू काढून वेगळा करा. तो लावलेला राहिला तर सगळा भार त्याच्या एका टोकावर येतो.

आता या मॉडेलचा कमकुवत भाग लक्षात घ्या. पांढऱ्या दोन्ही पाट्या मधल्या काळ्या धडाच्या पुढे येतात, आणि त्यांची कोपऱ्याची टोकं सगळ्यात आधी आपटतात. ती आतल्या छोट्या आकड्यांवर बसलेली असतात. फोम टोकांवर दाबून बसला तर दणका थेट त्या आकड्यांना बसतो आणि पाटी सुटते किंवा तडकते. म्हणून फोम सपाट पृष्ठभागावर टेकला पाहिजे, आणि टोकांपाशी फोमला खाच कापून ती मोकळी ठेवली पाहिजेत. मधली काळी पट्टी चकचकीत आहे, तिच्यावर थेट टेप लावू नका. बबल रॅप घासूनही बारीक ओरखडे येतात. आधी पातळ फोम शीट किंवा धुतलेली मऊ चादर गुंडाळा, त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड बंद करा. पावसाळ्यात ही पिशवी कामी येते, आणि एरवी धूळ व चुरा जाळीतून आत जात नाही.

फोम कोणता घ्यावा, यावर बरंच अवलंबून आहे. थर्माकोल तुटतो आणि त्याचे दाणे पंख्यात जातात; एका कन्सोलमधून मी ते चिमट्याने एकेक करून काढलेत. वर्तमानपत्राचे गोळे प्रवासात दबून बसतात आणि आत जागा होते. बारीक बुडबुड्यांचा बबल रॅप एवढ्या वजनाला कोपऱ्यावर फुटतो. ईपीई म्हणतात तो पांढरा लवचीक फोम घ्या, जो दाबला की परत वर येतो. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात शीटमध्ये मिळतो. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या बाजारात चौकशी करा. कन्सोल त्यावर ठेवून बघा: फोम थोडा दबला पाहिजे. पुरा चपटा झाला तर नरम आहे. अजिबात दबला नाही तर कडक आहे, दणका तसाच आत पोचवेल.

मग दोन खोकी. कन्सोल साधारण ३९ × २६ × १०.४ सेंमी आहे. चहूबाजूंनी अडीच सेंमी फोम धरला तर आतलं खोकं ४४ × ३१ × १५.५ सेंमी होतं. त्याच्या भोवती पुन्हा पाच सेंमी फोम धरून बाहेरचं ५४ × ४१ × २६. बाहेरचं पाच प्लायचं, नवं किंवा नव्यासारखं घ्या; जुन्या खोक्याचे कोपरे एकदा दबले की ते वजन पेलत नाहीत. आतलं साधं चालेल. त्याच्या आठही कोपऱ्यांवर फोमचे ठोकळे आणि प्रत्येक बाजूच्या मध्ये एक तुकडा ठेवा, मग मोकळ्या जागा भरा.

इथेच लोक पैसे वाचवायला जातात. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची गुणून ५००० ने भागतात आणि त्या वजनाचे पैसे लावतात. वरच्या खोक्याचं गणित जवळजवळ साडेअकरा किलो येतं, खरं वजन सातच्या आत असलं तरी. बाहेरचा फोम चार सेंमीवर आणला तर ते पावणेदहा किलोच्या आसपास येतं. तेवढं ठीक आहे. त्याखाली जाऊ नका, आणि दुसरं खोकं तर गाळूच नका.

आतलं खोकं बंद केल्यावर ते दोन्ही हातांत धरून झटक्याने एका बाजूला हलवा आणि थांबा. थांबल्यावर क्षणभराने हाताला दुसरा हलका धक्का जाणवला, तर आत कन्सोल सरकतोय. उघडा, फोम वाढवा, पुन्हा करा. बाहेरचं खोकं बंद झाल्यावर पुन्हा हीच तपासणी. मग रुंद ब्राउन टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी H सारखी, वर आणि खाली लावा.

जुनं लेबल असेल तर खरवडून काढा. दोन बारकोड असले की मशीन नको तो वाचतं. बाहेर प्लेस्टेशन लिहू नका, 'वापरलेलं इलेक्ट्रॉनिक सामान, दुरुस्तीसाठी' पुरे. 'नाजूक'चा स्टिकर हवा तर लावा, पण त्याच्या भरवशावर फोम कमी करू नका. आत चिठ्ठी ठेवा: नाव, फोन, पत्ता, बिघाड काय, आणि आधी कोणी उघडला होता का. हे शेवटचं लपवू नका. चिपवर लिक्विड मेटल असतं, आणि कोणी हात घातला असेल तर आम्ही आधी तेच तपासतो.

पॅक करतानाचा सलग व्हिडिओ काढा, मागचा सिरियल नंबर त्यात वाचता आला पाहिजे. कुरिअरला किंमत खरी सांगा आणि पावतीवर 'ओनर्स रिस्क' लिहिलंय की 'कॅरियर्स रिस्क', ते काउंटरवरच बघा. ओनर्स रिस्कवर गेलेल्या मालाचं काही झालं तर भांडायला फार जागा उरत नाही. ज्याला पाठवताय त्यालाही उघडताना व्हिडिओ काढायला सांगा, आणि हलवून आत खळखळ ऐकू आली तर आधी चालू करून बघू नये, हेही सांगा.

फोमच्या तुकड्यांवर मार्करने 'खाली', 'डावी', 'मागे' असं लिहून ठेवा. हाच कन्सोल याच खोक्यांतून परत यायचाय, आणि परतीचं पॅकिंग आमच्याकडचा मुलगा करणार आहे.